वीजवाहक सळईचे टोक: कल्पना कशी सुचली आणि ते टोक नेमके काय करते?

शिखरवेध (धागाकर्ता)

उंच इमारतीवर वीजवाहक सळई बसवण्याची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, हे आपण शाळेत शिकतो आणि तिच्यासोबत पतंगाची गोष्टही ऐकतो. प्रत्यक्षात ही कल्पना पतंगाच्या दोन वर्षे आधी कागदावर उतरली होती आणि तिचा उगम ढगांत नसून फिलाडेल्फियातल्या एका खोलीत, टेबलावर मांडलेल्या प्रयोगात आहे. त्या प्रयोगाचे वर्णन फ्रँकलिनने 1747 साली लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात आहे.

कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटलीच्या तोंडावर तीन-चार इंच व्यासाचा लोखंडी गोळा ठेवायचा. छतापासून रेशमी धाग्याने बुचाची गोटीएवढी गोळी अशी टांगायची की ती लोखंडी गोळ्याला टेकून राहील. मग गोळ्याला विद्युतभार दिला की बुचाची गोळी चार-पाच इंच दूर ढकलली जाते. आता लांब, बारीक दाभणाचे टोक सहा-आठ इंचांवर आणले तर काहीही आवाज न होता गोळ्याचा भार ओसरतो आणि बुचाची गोळी परत येऊन टेकते. तेच काम बोथट वस्तूकडून करून घ्यायचे असेल, तर ती इंचभर अंतरावर आणावी लागते आणि तेव्हा ठिणगी उडते. अंधारात पाहिले तर दाभणाच्या टोकावर काजव्यासारखा प्रकाश दिसतो, असेही त्याने नोंदवले आहे. टोकांचा हा गुण पहिल्यांदा त्याचा मित्र थॉमस हॉपकिन्सन याच्या लक्षात आला. टोक लावल्याने ठिणगी अधिक जोरदार निघेल, या अपेक्षेने हॉपकिन्सनने प्रयोग केला होता आणि ठिणगी जवळजवळ निघालीच नाही.

नोव्हेंबर 1749 मध्ये फ्रँकलिनने वीज आणि यंत्रातला विद्युतभार यांच्यातील साम्यांची यादी केली: प्रकाशाचा रंग, वाकडीतिकडी वाट, वेग, धातूंतून वाहणे, कडाडणे इत्यादी. त्यानंतर त्याने स्वतःलाच विचारले की, टोके हा भार ओढून घेतात. मग विजेतही हा गुण असेल का? 1750 च्या लेखात त्याने थेट उपाय सुचवला आहे. घरे, चर्च आणि जहाजे यांच्या सर्वांत उंच भागावर सुईसारख्या अणकुचीदार लोखंडी सळया उभ्या कराव्यात, त्या गंजू नयेत म्हणून त्यांना सोन्याचा मुलामा द्यावा आणि त्यांच्या पायथ्यापासून तार भिंतीच्या बाहेरून जमिनीत न्यावी. म्हणजे ढग जवळ येऊन तडाखा देण्याआधीच सळई त्याचा भार गुपचूप काढून घेईल.

माझा प्रश्न या शेवटच्या वाक्याविषयी आहे. दाभण टेबलावरच्या गोळ्याचा भार उतरवते हे खरे, पण सळई ढगाचा भार खरोखर उतरवते का? आणि उतरवत नसेल, तर टोक हवेच कशाला?

पाऊसवेडा

धागा आवडला. माझ्या समजुतीप्रमाणे सळई अगदी हेच करते. टोकापाशी विद्युत क्षेत्र फार तीव्र होते, त्यामुळे तिथली हवा थोडीथोडी वाहक बनते आणि भार सतत गळत राहतो. ढग असा हळूहळू रिकामा झाल्यामुळे सळई असलेल्या इमारतीवर वीज पडतच नाही. आमच्या गावच्या देवळाचा कळस टोकदार आहे आणि माझ्या आठवणीत त्या देवळावर वीज पडलेली नाही. पूर्वजांनी हे जाणूनच केले असावे.

तांब्याची_पट्टी

मी नोकरीची बहुतेक वर्षे उपकेंद्रांच्या आणि उंच इमारतींच्या वीजसंरक्षणाच्या कामात काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाऊसवेडा यांच्या प्रतिसादाचे पहिले अर्धे बरोबर आहे. टोकापाशी क्षेत्र तीव्र होते आणि भार गळतो, यात शंका नाही. मात्र तो किती गळतो हे पाहिले पाहिजे. वादळी ढगाखाली एका सळईच्या टोकातून वाहणारा प्रवाह साधारण काही मायक्रोअँपिअर असतो. आपण उदारपणे दहा मायक्रोअँपिअर धरू. एका तडाख्यात ढगातून ढोबळमानाने वीस कूलोम भार खाली येतो असे मानले, तर तेवढा भार या गतीने उतरवायला वीस लाख सेकंद, म्हणजे जवळपास तेवीस दिवस लागतील. वादळ तासाभरात संपते आणि ढगातली यंत्रणा तेवढाच भार फार तर काही मिनिटांत पुन्हा तयार करते. ढग रिकामा होण्याचा प्रश्नच येत नाही. फ्रँकलिनचा गोळा बाटलीवर ठेवलेला होता आणि त्याला पुन्हा भार देणारे कोणी नव्हते, हा टेबल आणि आकाश यांच्यातला मूळ फरक आहे.

आता कळसाविषयी. कळस टोकदार आहे की नाही याला फारसा अर्थ नाही. त्याच्यापासून जमिनीपर्यंत धातूची अखंड वाट आहे का, हा प्रश्न आहे. दगडी शिखरावरचा धातूचा कळस खालून कशालाही जोडलेला नसेल, तर वीज आधी कळसावर येते आणि पुढची वाट दगडातून काढते. ओल्या दगडात शिरलेल्या प्रवाहामुळे आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दगड फुटतो. तेव्हा गावकऱ्यांनी कळसाखाली एखादी तांब्याची पट्टी उतरवलेली आहे का, हे जाऊन पाहावे.

जुनी_पाने

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो. जमिनीला न जोडलेल्या सळईची किंमत फार लवकर कळली. 1753 च्या ऑगस्टमध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ घराच्या छपरावरून आत आणलेल्या, जमिनीपासून मुद्दाम विलग ठेवलेल्या सळईवर ढगातला भार मोजत होता. वादळात तो उपकरणापाशी वाकला आणि जागीच मरण पावला. त्याची सळई संरक्षणासाठी नव्हती, मोजमापासाठी होती. पण या दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एकच झाल्या आणि सळई धोकादायक असल्याची ओरड वाढली.

पतंगाविषयीही सांगतो. फ्रँकलिनच्या 1750 च्या प्रस्तावानुसार ढगात भार असल्याचे पहिल्यांदा 10 मे 1752 रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावी दिसले. दालिबार या फ्रेंच संशोधकाने तिथे सुमारे चाळीस फूट उंच लोखंडी सळई उभी केली होती आणि तिला जमिनीपासून विलग करण्यासाठी दारूच्या बाटल्या वापरल्या होत्या. दालिबार स्वतः त्या दिवशी हजर नव्हता. ठिणगी काढली ती क्वाफिए नावाच्या निवृत्त सैनिकाने, आणि मग गावचा धर्मगुरू धावत आला. पतंगाचा प्रयोग जूनमधला मानला जातो, पण त्याचे वर्णन ऑक्टोबर 1752 मध्ये छापले गेले आणि त्यात फ्रँकलिनने तो स्वतः केल्याचे स्पष्ट म्हटलेले नाही. त्यामुळे तो झाला की नाही यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. माझे मत तो झाला असावा असे आहे, पण आग्रह नाही.

धागाकर्त्यांच्या प्रश्नासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फ्रँकलिनने आपली भूमिका लवकरच विस्तारली. सळई एक तर तडाखा टाळते किंवा तडाखा आलाच तर त्याला सुरक्षित वाट देते, असे तो 1755 पर्यंत लिहू लागला होता. 1760 मध्ये फिलाडेल्फियातल्या वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावरील सळईवर वीज पडली, पितळी टोक काही इंच वितळले आणि घर सुरक्षित राहिले. तडाखा टळला नव्हता. सळईने तो झेलून जमिनीत नेला होता.

गच्चीवाले

माहितीपूर्ण चर्चा सुरू आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मधोमध सळई आहे, तिला सगळे जण लायटनिंग अरेस्टर म्हणतात. तरीही गेल्या पावसाळ्याआधीच्या वळवात इमारतीजवळ वीज पडली आणि चार घरांतले दूरचित्रवाणी संच, दोन राउटर आणि लिफ्टचे कार्ड जळाले. मग या सळईचा उपयोग काय? कंत्राटदार म्हणतो की जुनी सळई काढून नव्या पद्धतीची, आधीच प्रवाह सोडणारी सळई बसवा. एकच सळई शंभर मीटर त्रिज्येत संरक्षण देते. किंमत ऐकून समिती थबकली आहे.

तांब्याची_पट्टी

गच्चीवाले, आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या कराव्या लागतील. सळई इमारतीचे, म्हणजे भिंती, छप्पर, आग आणि माणसे यांचे रक्षण करते. ती विद्युत उपकरणांचे रक्षण करत नाही. वीज जवळपास पडली तरी वीजपुरवठ्याच्या आणि केबलच्या तारांत धक्का उमटतो आणि तो थेट संचात शिरतो. त्यासाठी मुख्य वितरण पेटीत सर्ज प्रोटेक्टर लावावे लागतात आणि त्यांचे अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगशी जोडलेले असावे लागते. सळई बदलून राउटर वाचणार नाहीत.

कंत्राटदाराच्या सळईविषयी मी सावध राहीन. आधीच प्रवाह सोडून वीज लवकर पकडण्याचा दावा करणाऱ्या या सळयांना फ्रान्सचे एक मानक आहे, परंतु भारतात स्वीकारलेल्या आयईसी 62305 या मानकात त्या वाढीव त्रिज्येला मान्यता नाही. अशी सळई साध्या सळईएवढीच धरावी, असे माझे मत आहे. क्वालालंपूरमध्ये उंच इमारतींच्या पाहणीत अशा सळया असूनही गच्चीचे कोपरे फुटल्याची छायाचित्रे नोंदली गेली आहेत.

आता मूळ प्रश्न: सळई नेमके काय करते? ढगातून निघालेली वीज एका उडीत जमिनीवर येत नाही. तिची आघाडी, जिला आम्ही लीडर म्हणतो, सुमारे पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली सरकते. प्रत्येक टप्प्यावर ती थबकते आणि पुढची दिशा धरते. या काळात तिला खालची इमारत, झाड, सळई यांतले काहीही ‘दिसत’ नाही. ती जमिनीपासून काही दशक मीटर अंतरावर आली की खालच्या वस्तूंच्या टोकाकोपऱ्यांवरून वर जाणाऱ्या आघाड्या निघू लागतात. त्यांतली जी आधी भेटते, त्या वस्तूवर वीज पडते. सळईचे काम एवढेच की वर जाणारी आघाडी आपल्याकडून लवकर निघावी आणि मग आलेला प्रवाह जमिनीत नीट जावा. उंची, मोकळेपणा आणि खालपर्यंतची वाट या तीन गोष्टी यात कामाच्या आहेत. सळई ढगाला इमारतीकडे ओढत नाही. त्या जागी येणारी वीज इमारतीच्या कोपऱ्याऐवजी आपल्या अंगावर घेते.

जुनी_पाने

टोक हवे की गोल मूठ, हा वाद लंडनमध्ये रंगला होता आणि तो येथे नेमका लागू होतो.

टेम्स नदीकाठी पर्फ्लीट येथे ब्रिटिश सरकारची दारूगोळ्याची कोठारे होती. 1772 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या संरक्षणासाठी समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिनसोबत हेन्री कॅव्हेंडिश आणि विल्यम वॉटसन होते. समितीने टोकदार सळया सुचवल्या. बेंजामिन विल्सन या सभासदाने विरोधी मत नोंदवले: टोक दूरवरून वीज बोलावून घेते, म्हणून सळई बोथट असावी आणि इमारतीच्या वर फार उठू नये.

15 मे 1777 रोजी पर्फ्लीटच्या कार्यालयाच्या इमारतीवर वीज पडली. छपरावर टोकदार सळई होती. तरीही वीज सळईवर न पडता कठड्याच्या कोपऱ्यावर पडली, जिथे दगड एकमेकांना जोडणारी लोखंडी पकड होती. त्या पकडीपासून काही इंचांवरच गच्चीतले शिसे होते आणि ते सळईच्या वाटेला जोडलेले होते. पण पकड आणि शिसे यांच्यामध्ये दगड-विटा होत्या. वीज ती काही इंचांची फट ओलांडून गेली आणि तेवढ्याच भागातले थोडे दगड-विटा निखळल्या. बाकी इमारतीला धक्का लागला नाही.

विल्सनने हा आपला विजय मानला. त्याने लंडनच्या पँथिऑन सभागृहात दीडशे फुटांहून लांब, कथिलाच्या पत्र्याने मढवलेला नळा टांगला, त्याला ढग मानले आणि त्याखालून इमारतीचे लहान प्रतिरूप सरकवून दाखवले. टोकदार सळईवर ठिणगी लांबून पडते, मुठीवर जवळून. तिसऱ्या जॉर्ज राजाने हे प्रयोग पाहिले आणि राजवाड्यावर टोकांच्या जागी मुठी बसवून घेतल्या. अमेरिकेशी युद्ध सुरू होते आणि टोकांचा पुरस्कर्ता बंडखोरांचा माणूस होता, हे त्यामागे होतेच. फ्रँकलिनने मात्र या वादात उतरायचे नाकारले.

समितीच्या दुसऱ्या पाहणीत सुचवलेला उपाय साधा होता: कठड्यातल्या लोखंडी पकडी शिशाने एकमेकींना आणि खालच्या शिशाला जोडून टाका. टोक की मूठ, याला त्या दिवशीच्या घटनेत काहीच महत्त्व नव्हते.

शिखरवेध

जुनी_पाने, ही घटना मला माहीत नव्हती, आभारी आहे. पण मग एक शंका येते. सळई छपरावर असताना वीज कोपऱ्यावर का गेली?

तांब्याची_पट्टी

याचे उत्तर गच्चीवाल्यांच्या इमारतीवरही लागू होते, म्हणून एक उदाहरण सोडवून दाखवतो. आमच्या क्षेत्रात एक कल्पित चेंडू घेतात. त्याची त्रिज्या म्हणजे लीडर वस्तूपासून ज्या अंतरावर आल्यावर ‘ठरवते’ ते अंतर. जोरदार विजेसाठी ते 60 मीटर आणि त्याहून जास्त, कमजोर विजेसाठी 20 मीटर किंवा कमी. हा चेंडू जमिनीवरून आणि इमारतीवरून फिरवायचा. तो ज्या भागाला शिवेल, त्या भागावर वीज पडू शकते.

समजा इमारत 20 मीटर उंच आहे, गच्ची 24 मीटर बाय 24 मीटर आहे आणि मधोमध 3 मीटरची सळई आहे. 60 मीटर त्रिज्येचा चेंडू जमिनीवर ठेवून कर्णाच्या दिशेने इमारतीकडे आणा. चेंडूचा मध्य जमिनीपासून 60 मीटर उंचीवर आहे, म्हणजे गच्चीपेक्षा 40 मीटर वर. कोपऱ्याला तो शिवेल तेव्हा मध्य कोपऱ्यापासून आडव्या अंतराने सुमारे 45 मीटर बाहेर असतो. सळई कोपऱ्यापासून आणखी 17 मीटर आत आहे. त्या क्षणी चेंडूच्या मध्यापासून सळईच्या टोकापर्यंतचे अंतर काढले तर ते सुमारे 72 मीटर येते. चेंडूची त्रिज्या 60 आहे, म्हणजे सळई अजून 12 मीटर दूर असतानाच कोपरा सापडला. बाजूने येणारी वीज सळईकडे न जाता कोपऱ्यावर पडू शकते. पर्फ्लीटला असेच झाले असणार.

म्हणून मधोमध एकच सळई हा उपाय अपुरा असतो. कठड्याच्या कडेने सगळीकडे पट्टी फिरवावी, कोपऱ्यांवर लहान सळया ठेवाव्यात आणि पट्ट्या चारही बाजूंनी खाली उतरवाव्यात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, सौर पाणीतापकाच्या चौकटी आणि कठड्याचे लोखंडी रेलिंग या सर्वांना त्याच पट्टीला जोडावे. पर्फ्लीटच्या पकडीची जागा आज सौर पॅनेलच्या चौकटीने घेतली आहे, एवढाच फरक.

पाऊसवेडा

माझा एक मुद्दा तरीही शिल्लक आहे. टोकदार सळईवर क्षेत्र तीव्र असेल, तर वर जाणारी आघाडी टोकदार सळईवरूनच आधी निघेल ना? म्हणजे टोक चांगलेच ठरते.

तांब्याची_पट्टी

मलाही पूर्वी असेच वाटत असे, आणि बहुतेक सगळ्यांना वाटते. पण टोकातून सतत गळणारा भार टोकाभोवती आवरणासारखा साचतो आणि टोकाजवळचे क्षेत्र कमी करतो. तिथे हवा आधीच सौम्यपणे वाहक होत असल्याने एकदम मोठी आघाडी फुटण्यासाठी लागणारा ताण जमत नाही. न्यू मेक्सिकोतल्या पर्वतशिखरावर चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे टोकदार आणि बोथट सळया जवळजवळ उभ्या करून वाट पाहिली. वीज पडली ती बोथट सळयांवर, ज्यांचा व्यास अर्ध्या इंचापासून एक इंचापर्यंत होता. टोकदार सळयांवर त्या काळात एकदाही पडली नाही. म्हणजे विल्सनने बोथट टोक सुचवले ते ठीक होते, पण त्यामागचे त्याचे कारण उलटे होते. टोक वीज दूरवरून बोलावते म्हणून ते टाळा, असे तो म्हणत होता. शिखरावरच्या सळयांनी दाखवले की बोथट सळईच वीज अधिक सहज पकडते.

मात्र हा निष्कर्ष एका जागेच्या, मोजक्या तडाख्यांवरचा आहे. प्रत्यक्ष इमारतीवर टोक अणकुचीदार की गोलसर, याने फारसा फरक पडत नाही, असेच माझे कामातले मत आहे. दोन्ही सळया बाजारात मिळतात आणि दोन्ही योग्य जागी बसवल्या तर काम करतात.

निरंतर_शंका

सगळे वाचून मला वाटते की सळईपेक्षा अर्थिंगच जास्त महत्त्वाचे आहे. मग कंत्राटदार सळईवरच का भर देतात?

तांब्याची_पट्टी

कारण सळई दिसते आणि अर्थिंग मातीत गाडलेले असते. पण अर्थिंगचा रोध कमी असला की बाकी सर्व ठीक असेल असे समजू नका. साधारण तडाख्याचा प्रवाह 30,000 अँपिअर धरला आणि अर्थिंगचा रोध 10 ओहम असला, तरी त्या क्षणी सळईची संपूर्ण वाट जमिनीच्या मानाने 3 लाख व्होल्टवर चढते. पट्टीलाही स्वतःचा अडथळा असतो. प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो, त्यामुळे दहा मीटर लांबीच्या पट्टीवरही लाखो व्होल्ट पडू शकतात. अशा वेळी पट्टीपासून हातभर अंतरावर न जोडलेला पाण्याचा लोखंडी नळ असेल, तर वीज पट्टी सोडून नळाकडे उडी मारते. रोध कमी करणे चांगलेच, पण जवळच्या सगळ्या धातूंना एकत्र जोडणे त्याहून उपयोगी.

गच्चीवाले

आमच्याकडे खाली उतरणारी पट्टी एकच आहे, तीही पाण्याच्या पाइपला लागून आहे. ती खाली फुटभर मातीत गेल्यासारखी दिसते, पण पुढे काय आहे हे कोणालाच माहीत नाही. अर्थिंगचा रोध कंत्राटदाराने एका मीटरवर 4 ओहम दाखवला आणि सही करून दिला. हे पुरेसे आहे का?

तांब्याची_पट्टी

आकडा चांगला आहे, पण तो कशाचा आहे हे विचारा. जमिनीपासून मीटरभर वर पट्टीत एक बोल्टची जोडणी असायला हवी, तीच उघडून खालचा भाग एकट्याने मोजायचा असतो. जोडणी न उघडता मोजले, तर मीटर पाण्याचे नळ, लिफ्टचे लोखंड आणि इमारतीच्या काँक्रीटमधल्या सळया अशा सगळ्यांचा मिळून आकडा दाखवतो आणि गाडलेला इलेक्ट्रोड गंजून तुटलेला असला तरी आकडा छानच येतो. तुमच्या पट्टीवर अशी जोडणी दिसत नसेल, तर 4 ओहमचा हा आकडा त्या इलेक्ट्रोडचा नाही. मोजणी मे महिन्यात, माती कोरडी असताना करून घ्या, दोन खुंट्या जमिनीत ठोकून करायच्या पद्धतीने. आणि ती चालू असताना समितीचा कोणीतरी शेजारी उभा राहू द्या.